जुना लॅपटॉप, भरत आलेली डिस्क: एडिटिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

"पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षबाग आहे. बागेतल्या कामांचे सात-आठ मिनिटांचे मराठी व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकायचे आहेत. शूटिंग फोनवर करतो, फोन दोन वर्षांचा आहे. लॅपटॉप मात्र २०१६ चा: i3-5005U, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, त्यात जेमतेम ३० जीबी मोकळी, विंडोज १०. मित्राने दिलेलं एक मोठं सॉफ्टवेअर टाकून बघितलं. व्हिडिओ अडकत अडकत चालतो आणि आवाज पुढे निघून जातो. फुकट किंवा स्वस्तातलं कोणतं सॉफ्टवेअर चालेल, की लॅपटॉपच बदलू? एडिटिंग याआधी कधीच केलेलं नाही."

लॅपटॉप एवढ्यात बदलू नका. या मशीनवर तुमचं काम होईल, पण नुसतं सॉफ्टवेअर बदलून होणार नाही. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं एडिटिंग करतो. लग्नं असतात, दुकानांच्या जाहिराती असतात, आणि अलीकडे तुमच्यासारख्या बागायतदारांची कामंही येतात. जुनं मशीन घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, फोनने फाइल कोणत्या प्रकारात लिहिली आहे? तुमची अर्धी अडचण तिथेच असावी असा माझा अंदाज आहे. उरलेली अर्धी रॅम आणि डिस्कची आहे. सॉफ्टवेअरचा नंबर त्यानंतर.

अंदाजावर विसंबू नका, पाच मिनिटांत तपासून घ्या. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेयर टाका, तो फुकट आहे. त्यात फोनवरची एखादी क्लिप उघडून `Ctrl+J` दाबा. Codec समोर H264 - MPEG-4 AVC असं दिसलं तर ठीक. HEVC किंवा H.265 दिसलं, तर अडकण्याचं मोठं कारण सापडलं. एचईव्हीसी पद्धतीत तोच व्हिडिओ कमी जागेत मावतो, म्हणून बरेच नवे फोन ती वापरतात. पण फाइल जितकी घट्ट दाबलेली, तितकं ती उलगडायला प्रोसेसरला काम जास्त. तुमच्या पाचव्या पिढीच्या इंटेल चिपमध्ये एचईव्हीसी उलगडायची पूर्ण सोय नाही, ती सहाव्या पिढीपासून आली. त्यामुळे सगळा भार प्रोसेसरच्या दोन कोअरवर येतो. त्यात शूटिंग फोर-केमध्ये असेल तर एका फ्रेममध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके. अशा फाइलपुढे कोणतंही सॉफ्टवेअर ठेवलं तरी हे मशीन अडखळणारच.

दुसरी तपासणी टास्क मॅनेजरची. `Ctrl+Shift+Esc` दाबा आणि एडिटिंग सुरू असताना आकडे बघा. CPU सतत शंभर टक्क्यांवर असेल तर फाइल जड आहे. CPU निवांत, पण Memory नव्वदच्या वर आणि Disk शंभरवर असेल तर रॅम संपली आहे आणि विंडोज हार्ड डिस्कचाच वापर रॅमसारखा करत आहे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क या कामात फारच मंद. ४ जीबीच्या मशीनवर ब्राउझरच्या चार टॅब उघड्या ठेवून एडिटिंग केलं की बहुतेक हेच दिसतं.

आता काय कशावर अवलंबून आहे ते सांगतो, म्हणजे माझं उत्तर तुम्हाला किती लागू पडतं ते कळेल. तुम्हाला एखाद्या मिनिटाच्या उभ्या रील्स करायच्या असत्या तर मी लॅपटॉप उघडूच दिला नसता. तुमचा फोन या लॅपटॉपपेक्षा नवा आहे आणि स्वतः काढलेला व्हिडिओ तो सहज उलगडतो. गूगलचं यूट्यूब क्रिएट हे अ‍ॅप फुकट आहे आणि व्हिडिओवर स्वतःच्या नावाचा शिक्का मारत नाही. छोट्या कामाला ते पुरतं. पण सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे पंचवीस-तीस क्लिप, वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज आणि मध्ये मध्ये औषधाच्या प्रमाणाच्या पाट्या. हे सगळं बोटाने सरकवत बसणं जिवावर येतं आणि फोनची जागाही भरते. त्यासाठी लॅपटॉपच बरा.

तुमच्यासाठी माझी निवड दोन फुकट प्रोग्रामांची आहे. छाटाछाटीला लॉसलेसकट आणि जोडणीला शॉटकट. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, शिक्का नाही, मुदत नाही. शॉटकट बनवणाऱ्यांनी स्वतःच दिलेली अपेक्षा अशी: साध्या एसडी व्हिडिओला ४ जीबी रॅम, एचडीला ८ जीबी आणि दोन कोअर, फोर-केला १६ जीबी आणि चार कोअर. म्हणजे कोअरच्या बाबतीत तुम्ही एचडीला पात्र आहात, रॅम मात्र निम्मीच आहे. ही कसर कशी भरायची ते पुढे येईलच.

बाकीची नावं का घेत नाही तेही थोडक्यात सांगतो. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती अप्रतिम आहे, मोठ्या पडद्याची कामं त्यावर होतात. पण तिला १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. तुमच्याकडे ती उघडली तर नशीब म्हणायचं. क्लिपचॅम्प ब्राउझरमध्ये चालतो, आणि ४ जीबीच्या मशीनवर ब्राउझर हेच आधी ओझं असतं. फिल्मोराची फुकट आवृत्ती तयार व्हिडिओवर शिक्का मारते, तो काढायचा तर पैसे भरावे लागतात. केडेनलाइव्ह चांगला आहे. शॉटकट आणि तो एकाच एमएलटी नावाच्या इंजिनावर चालतात. बरेच ट्रॅक, म्हणजे व्हिडिओ-आवाजाचे थर, एकावर एक रचायचे असतील तर मी केडेनलाइव्ह सुचवतो, पण पहिल्यांदाच शिकणाऱ्याला शॉटकटमध्ये हरवल्यासारखं कमी वाटतं. आणि मित्राने दिलेलं ते मोठं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं असेल तर आधी काढून टाका. ते टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं असेल, तर पूर्ण स्कॅन करा. त्याच लॅपटॉपवर तुम्ही बँकेचं कामही करत असाल.

आता कामाची पद्धत. सुरुवात फोनपासून करा, कारण तिथे दोन सेटिंग बदलायला खर्च शून्य आहे. कॅमेऱ्यात रिझोल्यूशन फुल एचडी, म्हणजे १०८०पी, आणि सेकंदाला ३० फ्रेम ठेवा. मग High efficiency किंवा HEVC अशा नावाचं बटण शोधून बंद करा. काही फोनमध्ये ते Video encoder या नावाखाली असतं, तिथे H.264 निवडा. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या Formats मध्ये Most Compatible. यूट्यूबवर तुमचा प्रेक्षक बहुतेक मोबाइलवरच बघणार आहे. द्राक्षाच्या काडीवरचा डोळा फुल एचडीत स्पष्ट दिसतो, त्यासाठी फोर-के लागत नाही. फार तर काडीच्या थोडं जवळ जा.

या एका बदलाने डिस्कचा हिशेब किती बदलतो बघा. ऑक्टोबर छाटणीवर आठ मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे असं धरू. छाटणी, काडीवरचे डोळे मोजणं, पेस्ट लावणं, मजुरांशी बोलणं असं मिळून चाळीस मिनिटांचं शूटिंग झालं. फुल एचडी एच.२६४ ला फोन साधारण १७ मेगाबिट प्रतिसेकंद वापरतो, म्हणजे मिनिटाला १३० एमबीच्या आसपास. चाळीस मिनिटांचे झाले ५.२ जीबी. हेच शूटिंग फोर-केत केलं असतं तर मिनिटाला ३४० एमबी धरून साडेतेरा जीबी. तुमच्या ३० जीबीतले १० जीबी विंडोजसाठी सोडाच. रॅम कमी असल्यामुळे विंडोजला डिस्कवर मोकळी जागा लागते, आणि ती संपली की एडिटिंगच काय, मशीनच थांबतं. म्हणजे हाताशी राहिले २० जीबी. फोर-केचं एक शूटिंग त्यातला बहुतेक भाग खाऊन टाकतं.

फाइल फोनमधून लॅपटॉपवर केबलनेच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो आणखी दाबला जातो आणि पानांचा पोत निघून जातो. अगदीच गरज पडली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल तर ड्राइव्ह बिघडलेला नाही, तो FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. आतलं सगळं काढून घेऊन तो exFAT करा. आणि पेन ड्राइव्हवरून थेट एडिट करू नका. तो साठवणीला ठीक, पण टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, पुढे-मागे जाताना दम टाकतो.

आता लॉसलेसकट. गिटहब या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो, मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधल्या प्रतीला पैसे पडतात. एकेक क्लिप उघडायची, कामाचा भाग सुरू होतो तिथे `I`, संपतो तिथे `O`, आणि `E` दाबून बाहेर काढायचं. हा प्रोग्राम व्हिडिओ नव्याने बनवत नाही, आहे त्या फाइलमधला तुकडा तसाच उचलून ठेवतो. त्यामुळे दर्जा तसूभरही घटत नाही आणि तुमच्या मशीनवरही एक तुकडा काही सेकंदांत निघतो. एक मर्यादा मात्र आहे. दाबलेल्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेम फक्त बदल सांगतात. तुकडा अशा पूर्ण फ्रेमपासूनच सुरू करता येतो. म्हणून तुम्ही सांगितलेल्या जागेच्या थोडं आधीपासून तो सुरू होतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेकंद जास्तीचे ठेवा, नेमका काप शॉटकटमध्ये होईल.

छाटणीच्या त्या चाळीस मिनिटांतून कामाची म्हणावीत अशी चौदा मिनिटं निघतात असं धरू. हात हललेला, कुणी मध्येच आलेलं, वाऱ्याने बोलणं गेलेलं, हे सगळं इथेच गळतं. चौदा मिनिटांचे १.८ जीबी. हे तुकडे उघडून तपासले की लॅपटॉपवरच्या मूळ मोठ्या फाइल काढून टाका आणि रिसायकल बिनही रिकामा करा. तो रिकामा न केल्यामुळे जागा का सुटत नाही म्हणून विचारायला येणारे बरेच असतात. मूळ शूटिंग ठेवायचंच असेल तर फोनमध्ये किंवा बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

इथे थांबून तुकड्यांना नावंही देऊन टाका: `01_chatni_jawalun.mp4`, `02_paste.mp4` अशी. कारण पुढे शॉटकट हे व्हिडिओ स्वतःच्या पोटात घेत नाही. त्याची `.mlt` फाइल म्हणजे कोणता तुकडा कुठे ठेवायचा याची नुसती नोंद असते, काही केबींची. काम सुरू झाल्यावर तुम्ही तुकड्याचं नाव बदललंत किंवा तो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलात, तर शॉटकटला तो सापडत नाही. म्हणून एका व्हिडिओला एक फोल्डर, आणि तुकडे, आवाज, फोटो, प्रोजेक्ट सगळं त्यातच.

शॉटकट उघडल्यावर पहिली क्लिप ओढण्याआधी Video Mode मध्ये HD 1080p 30 fps निवडा. ते Automatic वर सोडलं तर पहिली क्लिप जशी असेल तसा सगळा प्रोजेक्ट होतो. चुकून उभी क्लिप आधी टाकली की सगळा व्हिडिओ उभा. मग सेटिंगमध्ये Preview Scaling शोधा आणि ते 360p करा. मेनूतली जागा आवृत्तीनुसार थोडी इकडे तिकडे होते, पण नाव हेच. यामुळे एडिट करताना पडद्यावरचं चित्र लहान आकारात तयार होतं आणि प्रोसेसरचं ओझं उतरतं. अंतिम व्हिडिओ मात्र पूर्ण आकारातच निघतो. चित्र धूसर दिसलं म्हणून घाबरू नका. फोकस तपासायचा असेल तेव्हा दोन मिनिटांसाठी ते None करून बघा.

एवढ्यावर टाइमलाइन गुळगुळीत चालली तर प्रॉक्सीच्या भानगडीत पडू नका. नाही चालली तर Proxy मध्ये Use Proxy चालू करा. प्रॉक्सी म्हणजे प्रत्येक क्लिपची कमी आकाराची नक्कल. नाटकाच्या तालमीला मुख्य नटाऐवजी बदली माणूस उभा करतात तसंच हे. तुम्ही काम नकलेवर करता आणि एक्स्पोर्टच्या, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढण्याच्या, वेळी शॉटकट आपोआप मूळ क्लिप घेतो. नकला बनायला वेळ लागतो, Jobs च्या चौकटीत एकेक काम सरकताना दिसतं. ते लावून जेवून या. जागेचा हिशेब करताना नकलांना मूळ तुकड्यांइतकीच जागा लागेल असं सावधपणे धरा. आपल्या उदाहरणात आणखी १.८ जीबी. तयार व्हिडिओचा अर्धा जीबी धरला तरी सगळं मिळून चार जीबीच्या थोडं पुढे. मूळ मोठ्या फाइल न काढता ठेवल्या तरी साडेनऊच्या आत. २० जीबीत हे आरामात बसतं. नकला प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच जातील असं तिथल्या Storage मध्ये ठरवून टाका, म्हणजे काम झाल्यावर एकाच ठिकाणाहून पुसता येतील. नाहीतर त्या सी ड्राइव्हच्या कुठल्यातरी आतल्या कप्प्यात साचत राहतात आणि तीन-चार व्हिडिओंनंतर जागा कुठे गेली ते कळत नाही.

आता आवाज पुढे निघून जाण्याबद्दल. त्याची दोन वेगळी कारणं असू शकतात आणि उपायही वेगळे आहेत. फक्त एडिट करतानाच आवाज पुढे जातो, पण तयार व्हिडिओत बरोबर असतो, तर ते मशीन धापा टाकत असल्याचं लक्षण. वरच्या उपायांनी ते जाईल. तयार व्हिडिओतही ओठ आणि आवाज जुळत नसतील, आणि फरक शेवटाकडे वाढत जात असेल, तर कारण फोनचं आहे. फोन नेमक्या ३० फ्रेम लिहीत नाही. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की फ्रेमची संख्या खालीवर होते. अशी क्लिप उघडली की शॉटकट स्वतःच विचारतो, ही एडिटिंगला सोयीच्या प्रकारात बदलू का? नवखा माणूस इथे Best निवडतो, कारण नावच तसं आहे. आणि तासाभरात डिस्क भरते. Better आणि Best मधून निघणाऱ्या फाइल मूळच्या अनेक पट मोठ्या असतात, त्या स्टुडिओतल्या मोठ्या डिस्कसाठी आहेत. तुम्ही Good च्या पुढे जाऊच नका.

आणि Good सुद्धा प्रत्येक क्लिपला लागत नाही. दहा-पंधरा सेकंदांच्या क्लिपमध्ये फरक जाणवण्याइतका साचत नाही. कात्री चालतानाच्या दृश्यावर तुम्ही नंतर आवाज टाकणार असाल तर तिथे ओठच नाहीत. अशा वेळी मी सरळ नाही म्हणतो. वडील बागेत उभे राहून सलग तीन मिनिटं बोलले आहेत आणि आवाज शर्टाला लावलेल्या वेगळ्या माइकवर घेतला आहे, तर मात्र तेवढी एक क्लिप बदलून घ्या.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. बागेतल्या वाऱ्यावर कुठल्याही सॉफ्टवेअरचा चांगला उपाय नाही. शूटिंग बागेत करा आणि निवेदन घरात, पंखा बंद करून, गाद्या-कपडे असलेल्या खोलीत, फोनवरच रेकॉर्ड करा. आधी निवेदन टाइमलाइनवर ठेवा, मग त्यावर दृश्यं बसवा. उलट क्रमाने केलं की दृश्यं पुरी पडत नाहीत.

मराठी पाट्यांसाठी शॉटकटमध्ये Text: Simple हा फिल्टर पुरतो. पहिल्याच दिवशी एक चाचणी करा. त्यात "द्राक्ष, छाटणीपूर्वी, प्रमाण, कीटकनाशक" असं लिहा आणि जोडाक्षरं, रफार, वेलांट्या जागच्या जागी आहेत का बघा. युनिकोड फॉन्ट असेल तर त्या बरोबर येतात. विंडोजमधला निर्मला किंवा गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा मुक्त नावाचा फॉन्ट घ्या, मुक्तचं ठळक वळण लहान पडद्यावर छान वाचता येतं. फ्लेक्सवाल्याकडून किंवा डीटीपीवाल्याकडून आणलेला मजकूर थेट चिकटवू नका. तो बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो आणि तुमच्याकडे त्याची भलतीच चिन्हं होतात. तेवढा मजकूर पुन्हा टाइप करा. औषधाच्या प्रमाणाचा आकडा तर नक्कीच पुन्हा तपासा. पाटीवरचा दशांश चिन्हाचा घोळ कुणाच्या तरी बागेला महागात पडेल.

एक्स्पोर्टला YouTube हा तयार पर्याय निवडा. फुल एचडी ३० फ्रेमसाठी यूट्यूब ८ मेगाबिट सुचवतं, म्हणजे मिनिटाला ६० एमबी. आठ मिनिटांचे ४८० एमबी. तुमच्या दोन कोअरवर याला अर्धा-पाऊण तास किंवा जास्तही लागू शकतो, पाट्या आणि फिल्टर किती आहेत त्यावर ते ठरेल. Use hardware encoder चालू केलं तर इंटेलच्या चिपमधली वेगळी सोय वापरली जाते आणि वेळ बराच वाचतो. त्याच आकारात दर्जा किंचित कमी येतो, पण यूट्यूब तुमची फाइल पुन्हा दाबणारच आहे. माझ्या मते तुमच्या मशीनवर ते चालूच ठेवावं. पहिल्या वेळी तीस सेकंदांचा तुकडा काढून चित्र बघा. हिरवट पट्टे किंवा तुटकपणा दिसला तर बंद करा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली असते, म्हणून वीज जाण्याच्या वेळा सांभाळून एक्स्पोर्ट लावा. एमपी-फोर फाइलची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते. नव्वद टक्क्यांवर वीज गेली तर हातात आलेली फाइल कुठल्याच प्लेयरमध्ये उघडत नाही, सगळं पुन्हा करावं लागतं.

एवढं सगळं करूनही काही गोष्टी या मशीनवर होणार नाहीत. हललेलं शूटिंग स्थिर करणं, आवाजातली खरखर काढण्याचे जड फिल्टर, तीन-चार व्हिडिओ एकाच वेळी पडद्यावर दाखवणं, फोर-केचं रंगकाम. यातलं एखादं एका क्लिपपुरतं करता येईल, सगळ्या व्हिडिओवर नाही. त्यासाठी फोनला साधा ट्रायपॉड हे जास्त स्वस्त उत्तर आहे.

पैसे खर्च करायचेच असतील तर सॉफ्टवेअरवर करू नका. आधी रॅम. तुमच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपला बहुधा डीडीआर३एल प्रकारची, कमी व्होल्टेजची रॅम लागते. नवीन डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही. रॅम घ्यायला नाशिकच्या एम. जी. रोडवर गेलात तर लॅपटॉप सोबत न्या, मागचं झाकण उघडून दुसरी खाच आहे का हे बघूनच घ्या. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते. ८ जीबी झाली की शॉटकटची एचडीची अट पूर्ण होते. त्यानंतर हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी. २४० जीबीची पुरते. काढलेली ५०० जीबीची डिस्क केसमध्ये बसवली की शूटिंग साठवायला बाहेरची डिस्क तयार होते. क्रम का हा? एसएसडी टाकल्याने मशीन झटपट उघडतं आणि फरक लगेच जाणवतो, म्हणून दुकानदार आधी तीच सुचवतो. पण ४ जीबी रॅम भरली की एसएसडीवरही टाइमलाइन अडखळतेच.

विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तुमचा प्रोसेसर नाही. एडिटिंगपुरतं मशीन चालेल, पण त्यावर बँक आणि ईमेलची कामं टाळलेली बरी. एसएसडी बसवाल तेव्हा तिच्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकायचा विचार करा. ती कमी रॅममध्ये भागवते, आणि शॉटकट, लॉसलेसकट, व्हीएलसी तिन्ही तिथेही मिळतात. मात्र पहिला व्हिडिओ हातावेगळा होईपर्यंत हे करू नका, दोन नव्या गोष्टी एकदम शिकताना नेमकं कुठे अडलं ते कळत नाही.

आज रात्री जुन्याच दोन क्लिप घ्या. व्हीएलसीत प्रकार बघा, फोनचं सेटिंग बदलून अंगणात मिनिटभर नवं शूटिंग करा आणि दोन्ही शॉटकटच्या टाइमलाइनवर 360p वर चालवून बघा. नवी क्लिपसुद्धा अडकली तर टास्क मॅनेजरमधले CPU, Memory आणि Disk हे तीन आकडे लिहून कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.